हॉलमध्ये आवाज येतो पण शब्द कळत नाहीत: निनादकाळाचा हिशोब आणि उपाय

शाळेचा हॉल, सोसायटीचं सभागृह, गावातलं समाजमंदिर. कार्यक्रम सुरू झाला की थोड्याच वेळात मागच्या रांगा आपापसात बोलायला लागतात. आवाज कमी पडतो असं नसतं, उलट हॉल दणाणत असतो. पण पाहुणे काय बोलतायत तेच कळत नाही. मग कुणीतरी साउंडवाल्याला आवाज वाढवायची खूण करतं, तो वाढवतो, आणि शब्द आणखीच गढूळ होतात. पुढच्या वर्षी समिती नवे, मोठे स्पीकर घेते. तरीही फरक पडत नाही, कारण दोष स्पीकरचा नसतो, खोलीचा असतो.

खोलीचा हा दोष मोजता येतो. त्यासाठी मोजपट्टी, वही, कॅल्क्युलेटर आणि एक मोकळी दुपार पुरते. या लेखात आपण एकाच हॉलचा हिशोब सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. हॉल असा आहे: १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद, ५ मीटर उंच, वर प्लास्टर केलेला स्लॅब, खाली गुळगुळीत टाइल्स, रंगवलेल्या भिंती, सरकत्या काचेच्या खिडक्या आणि २०० प्लास्टिकच्या खुर्च्या. महाराष्ट्रात अशा मापाचे हॉल जागोजागी आहेत.

निनादकाळ म्हणजे नेमकं काय

रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी वाजवा. टाळी क्षणात संपते, पण आवाज भिंती, छत आणि फरशीवर आपटत राहतो आणि हळूहळू विरतो. या मागे रेंगाळणाऱ्या आवाजाला निनाद म्हणतात. मूळ आवाज थांबल्यापासून त्याची पातळी ६० डेसिबलने उतरायला, म्हणजे ऊर्जा दशलक्षांश व्हायला जितका वेळ लागतो, तो निनादकाळ. प्रतिध्वनी वेगळा: त्यात तोच आवाज सुटा, पुन्हा ऐकू येतो. निनादात असंख्य परावर्तनं एकमेकांत मिसळून एकच शेपूट तयार होते.

हे गणित वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने बसवलं. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग आर्ट म्युझियममधलं नवं व्याख्यानगृह वापरात आलं आणि तिथे बोललेलं कुणाला समजेना. दुरुस्तीचं काम सॅबिनकडे आलं. त्याने रात्रीच्या शांततेत ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा, असं सुरू केलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकीच्या गाद्या आणून तो एकेक करून खोलीत ठेवत गेला. गाद्या वाढल्या की वेळ कमी होत गेला, आणि तोही ठरावीक नियमाने. त्या नियमाचं आजचं रूप असं:

```
T = ०.१६१ × V ÷ A

T : निनादकाळ, सेकंदांत
V : हॉलचं घनफळ, घनमीटरमध्ये
A : एकूण शोषण, चौरस मीटरमध्ये
```

मापं फुटांत घेतली असतील तर ०.१६१ च्या जागी ०.०४९ घ्या. कंत्राटदार फुटांत बोलतो आणि मालाच्या पत्रकात मीटर असतात, त्यामुळे हिशोब सुरू करायच्या आधीच एक काय ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मिसळ झाली की उत्तर तिपटीने चुकतं.

शोषणाची कल्पनाही सॅबिननेच सोपी करून ठेवली. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे पूर्ण शोषणाचं एक एकक. या एककाला त्याच्याच नावावरून सॅबिन म्हणतात. एखादी भिंत तिच्यावर पडलेल्या आवाजाचा शंभरातला तीनच भाग गिळत असेल, तर तिचा शोषणांक ०.०३. अशी ३३ चौरस मीटर भिंत मिळून जेमतेम एक चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं काम करते.

निनाद लांबला की शब्द का बुडतो

आपण बोलतो तेव्हा सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरं उच्चारतो, म्हणजे एका अक्षराला सुमारे ०.२ सेकंद. मराठीत स्वर ठसठशीत असतात, व्यंजनं त्यांच्या मानाने क्षीण आणि क्षणभराची. पण शब्द ओळखायला व्यंजनच लागतं: ‘पाट’ की ‘पाठ’, ‘तार’ की ‘धार’, हे त्या क्षीण भागावरच ठरतं.

आता निनादकाळ ५ सेकंद असलेला हॉल घ्या. आवाज ५ सेकंदांत ६० डेसिबल उतरतो, म्हणजे सेकंदाला १२ डेसिबल. ०.२ सेकंदांत तो फक्त अडीच डेसिबलच्या आसपास उतरला. पुढचं व्यंजन उच्चारलं जातं तेव्हा मागचा स्वर जवळजवळ तेवढ्याच जोमाने हॉलमध्ये भरून असतो, आणि व्यंजन त्याच्याखाली गाडलं जातं. निनादकाळ १ सेकंद असेल तर त्याच ०.२ सेकंदांत आवाज १२ डेसिबल उतरतो आणि व्यंजनाला जागा मिळते.

दुसऱ्या बाजूनेही हेच दिसतं. तोंडातून निघालेल्या आवाजाची जी परावर्तनं पहिल्या ५० मिलिसेकंदांत कानावर येतात, ती आपला कान मूळ आवाजात मिळवून घेतो. ती बोलणं ठळक करतात. त्यानंतर येणारी परावर्तनं पुढच्या अक्षरांवर चढतात. बोलणाऱ्यापासून दूर बसलेल्या श्रोत्यासाठी हिशोब केला, तर निनादकाळ १ सेकंद असताना खोलीतली निम्मी ऊर्जा उपयोगाच्या ५० मिलिसेकंदांत येते. निनादकाळ ५ सेकंदांच्या पुढे गेला की जेमतेम आठवा भाग.

माइकचा आवाज वाढवून का भागत नाही, तेही इथेच कळतं. आवाज दुप्पट केला की उपयोगी भागही वाढतो आणि चिखल करणारा भागही तेवढाच वाढतो. त्यांचं प्रमाण खोली ठरवते.

हजार घनमीटरच्या आसपासच्या हॉलमध्ये भाषणासाठी १ सेकंद हे लक्ष्य ठेवावं. ०.८ असेल तर उत्तम, १.२ पर्यंत चालून जातं. शास्त्रीय गायनाच्या मैफिलीला थोडा जास्त निनाद गोड लागतो, पण ज्या हॉलमध्ये वर्षभर पालकसभा, व्याख्यानं आणि बक्षीससमारंभच व्हायचे असतात, तिथे माझं मत ठाम आहे: बोलणं समजणं पहिलं.

पहिली पायरी: घनफळ

१८ × १२ × ५ म्हणजे १०८० घनमीटर. ०.१६१ ने गुणलं की १७४. हा आकडा वहीत वरच लिहून ठेवा, कारण पुढे प्रत्येक वेळी फक्त यालाच भागायचं आहे.

उंची मोजताना वर पाहा. उतरतं पत्र्याचं छप्पर असेल तर मधली आणि कडेची उंची घेऊन सरासरी काढा. फॉल्स सीलिंग अखंड आणि बंद असेल तर उंची तिथपर्यंतच धरा. नुसत्या पट्ट्या किंवा जाळी असेल तर वरची पोकळीही हॉलमध्येच मोडते. स्टेज तीन बाजूंनी बंद आणि समोर पूर्ण उघडं असेल तर त्याचंही घनफळ मिळवा. उंच छत भव्य दिसतं, पण उंची वाढते तसा निनादकाळही वाढतो, हे नवीन बांधकामाच्या वेळीच लक्षात घेतलेलं बरं.

दुसरी पायरी: रिकाम्या हॉलचं शोषण

हॉलमधला प्रत्येक प्रकारचा पृष्ठभाग मोजा, त्याला त्याच्या शोषणांकाने गुणा आणि बेरीज करा. शोषणांक आवाजाच्या वारंवारतेप्रमाणे बदलतो. पहिल्या हिशोबासाठी ५०० हर्ट्झचा धरा. मालाच्या पत्रकात तो दिलेला असतो आणि साध्या बांधकामाचे आकडे ध्वनिशास्त्राच्या कोष्टकांत मिळतात. आपल्या हॉलचं असं होतं:

```
फरशी (टाइल्स)      २१६ × ०.०२ =  ४.३
छत (प्लास्टर)       २१६ × ०.०३ =  ६.५
भिंती (प्लास्टर)     २३० × ०.०३ =  ६.९
खिडक्या (काच)       ६० × ०.१८ = १०.८
दरवाजे (लाकडी)      १० × ०.१० =  १.०
खुर्च्या, नग २००    २०० × ०.०२ =  ४.०
एकूण                            ३३.५
```

१७४ ला ३३.५ ने भागलं की निनादकाळ ५.२ सेकंद. रिकाम्या हॉलमध्ये तालमीला आलेली मुलं एकमेकांवर ओरडत का असतात, ते या आकड्यात दिसतं.

कोष्टकात खिडक्या पुढे आहेत याचं नवल वाटून घेऊ नका. पातळ काच थोडी थरथरते आणि त्यात आवाजाची ऊर्जा खर्च होते. जाड, घट्ट बसवलेली काच असेल तर ०.१८ धरू नका, ०.०४ च्या आसपास घ्या. आणि खिडक्या खरोखर उघडल्या तर? सरकत्या खिडकीची निम्मीच जागा उघडते, म्हणजे ३० चौरस मीटर. तिथला शोषणांक ०.१८ वरून १ झाला, म्हणून शोषण २४.६ ने वाढलं आणि निनादकाळ ३ सेकंदांवर आला. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असताना हॉल बरा वाटतो आणि एसी बसवून त्या बंद केल्या की बिघडतो, त्याचं हे एक कारण. फक्त रस्ता जवळ असेल तर खिडकीतून हॉर्न आत येतात आणि मिळवलेलं घालवतात.

तिसरी पायरी: माणसं मिळवा

माणूस आणि त्याचे कपडे हे या हॉलमधलं सर्वांत मोठं शोषक. साध्या खुर्चीवर बसलेल्या एका व्यक्तीचं शोषण ५०० हर्ट्झला ०.४५ धरा. माणूस बसला की त्याची खुर्ची हिशोबातून काढा.

हॉल भरलेला असेल तर खुर्च्या सोडून उरलेलं शोषण २९.५ आणि २०० जणांचं ९०, मिळून ११९.५. निनादकाळ १.५ सेकंद. हॉल निम्मा भरला असेल तर २९.५, रिकाम्या शंभर खुर्च्यांचे २ आणि शंभर माणसांचे ४५, मिळून ७६.५. निनादकाळ २.३ सेकंद.

म्हणजे हॉल भरल्यावर बोलणं कसंबसं कळतं आणि निम्म्या गर्दीत कळत नाही. उद्घाटनाला हॉल खच्चून भरतो, सगळे ‘छान आहे’ म्हणतात, आणि नंतरच्या प्रत्येक पालकसभेत तक्रार येते, ती यामुळेच. म्हणून रचना निम्म्या हॉलवर करावी. पूर्ण भरलेल्या हॉलवर कधीही करू नये.

चौथी पायरी: किती शोषण कमी पडतं

सूत्र उलटं वापरा. १ सेकंद हवा तर शोषण १७४ लागेल. निम्म्या हॉलमध्ये ७६.५ आहे. तूट ९७.५.

आता साहित्य. ५० मिलिमीटर जाडीचं ग्लासवूल किंवा रॉकवूल, लाकडी चौकटीत बसवून वरून कापड लावलेलं, ५०० हर्ट्झला साधारण ०.८५ देतं. पण ते लावल्यावर मागचं प्लास्टर झाकलं जातं, त्याचा ०.०३ वजा होतो. निव्वळ कमाई चौरस मीटरला ०.८२. ही वजाबाकी नवखे विसरतात. प्लास्टरवर ती किरकोळ आहे, पण पडद्यावर किंवा जुन्या पॅनेलवर नवं लावलं तर तीच मोठी ठरते. ९७.५ भागिले ०.८२ म्हणजे ११९. आपण १२० चौरस मीटर घेऊ.

यातून नवं चित्र असं तयार होतं: निम्मा हॉल १ सेकंद, भरलेला ०.८, पूर्ण रिकामा १.३. आधी गर्दीनुसार निनादकाळ दीड ते सव्वापाच सेकंद असा हेलकावत होता. आता माणसं कमी आली तरी हॉल साथ सोडत नाही. माझ्या मते सरासरी सुधारण्यापेक्षाही हा फायदा मोठा आहे.

इथे सूत्राची एक मर्यादा लक्षात ठेवा. हॉलचं सरासरी शोषण ०.२ च्या वर गेलं की सॅबिनचं सूत्र निनादकाळ थोडा जास्त दाखवतं. आपल्या हॉलमध्ये एकूण पृष्ठभाग ७३२ चौरस मीटर आणि शोषण १७५, म्हणजे सरासरी ०.२४. अशा वेळी आयरिंगचं सुधारित सूत्र वापरतात आणि ते सुमारे ०.९ सेकंद देतं. भाषणाच्या हॉलसाठी ही चूक सुरक्षित बाजूची आहे.

पाचवी पायरी: लावायचं कुठे

सूत्राला जागा कळत नाही, फक्त क्षेत्रफळ कळतं. कानाला मात्र जागाही कळते.

सगळ्यात आधी मागची भिंत. स्टेजवरून निघालेला आवाज १८ मीटर जाऊन तिथून परततो आणि पुढच्या रांगेला मूळ आवाजानंतर ३० मीटरहून जास्त वाट चालून, म्हणजे जवळपास ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो. ५० च्या मर्यादेपलीकडचं हे सर्वांत त्रासदायक परावर्तन. वक्त्यालाही स्वतःचाच आवाज मागून आल्यासारखा वाटून तो अडखळतो. मागच्या भिंतीवर जमिनीपासून दीड मीटर सोडून वरचा १२ × ३.५ मीटर भाग झाकला की ४२ चौरस मीटर झाले. खालचा भाग सोडायचा, कारण तिथे मुलांचे हात आणि खुर्च्यांच्या पाठी लागून कापड फाटतं.

मग छताच्या दोन्ही लांब कडांना दीड-दीड मीटरचे पट्टे: ५४ चौरस मीटर. छताचा मधला भाग मुद्दाम मोकळा ठेवायचा. तो वक्त्याचा आवाज ५० मिलिसेकंदांच्या आत मागच्या रांगांवर टाकतो. तो झाकला तर निनाद कमी होईल, पण आवाजही मागे क्षीण पोचेल. ‘सगळ्या छताला अकूस्टिक सीलिंग’ हा सल्ला वारंवार मिळतो. तो सोपा आहे, पण भाषणाच्या हॉलसाठी चांगला नाही.

उरलेले २४ चौरस मीटर बाजूच्या भिंतींवर, खिडक्यांच्या मधे आणि वर, समोरासमोर न येता एकाआड एक. हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली की कधी ‘टर्रर्र’ असा फडफडता आवाज येतो. तो दोन समांतर कडक भिंतींमध्ये आवाज ये-जा करत असल्याचा. एकाआड एक पॅनेल त्याचा बंदोबस्त करतात.

माल निवडताना

थर्माकोल आवाज शोषत नाही. त्याची छिद्रं बंद असतात, हवा आत शिरत नाही, त्यामुळे आवाजही शिरत नाही. अंड्यांचे ट्रे जवळजवळ निरुपयोगी, शिवाय पेट घेतात. उघडा पीयू फोम आवाज शोषतो, पण आगीत विषारी धूर करतो; जिथे मुलं बसतात तिथे तो मी लावू देणार नाही. ग्लासवूल किंवा रॉकवूल जळत नाही. त्याचे तंतू खाली पडू नयेत म्हणून आधी बारीक टिश्यूचा थर आणि मग कापड.

कापडाची कसोटी सोपी आहे. तोंडाजवळ धरून फुंकर मारा. पलीकडे हवा सहज जात असेल तर आवाजही जाईल. रेक्झिन किंवा प्लास्टिकचा लेप असलेलं कापड लावलं तर आतलं ग्लासवूल वाया जातं. हाच धोका रंगाचा: छिद्रांच्या टाइल्सवर काही वर्षांनी रंगारी दोन हात ऑइलपेंट मारतो, छिद्रं बुजतात आणि हॉल पुन्हा घुमायला लागतो.

जाडी कमी करून पैसे वाचवू नका. पातळ कार्पेट किंवा १२ मिलिमीटरची फेल्ट शीट ‘स’, ‘श’सारखे तीक्ष्ण आवाज तेवढे गिळते आणि पुरुषी आवाजातली घुमघुम तशीच ठेवते. मग हॉल कोंदट वाटतो, तरी शब्द कळत नाहीत. ५० मिलिमीटर पॅनेलच्या मागे ५० मिलिमीटर हवेची पोकळी सोडली तर खालच्या वारंवारतांवरही बऱ्यापैकी काम होतं. चौकट भिंतीपासून पट्ट्यांवर उचलून बसवायची, एवढाच जास्तीचा खर्च. सोबत साउंडवाल्याला भाषणाच्या माइकवर १०० ते १५० हर्ट्झच्या खालचा आवाज कापायला सांगा.

शेवटची पायरी: मोजून तपासणं

काम सुरू करायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा मोजा. पंखे, एसी बंद. खिडक्या कार्यक्रमाच्या वेळी असतात तशा. स्टेजवर मोठा फुगा फोडा आणि हॉलच्या मधल्या भागात ध्वनिमुद्रण करा. फोनवर करत असाल तर आवाज आपोआप वरखाली करणारी सोय बंद असलेलं अ‍ॅप वापरा, नाहीतर फोन विरणारा आवाज स्वतःच उचलून धरतो आणि निनादकाळ खोटाच लांब दिसतो.

पूर्ण ६० डेसिबलची उतरण सहसा मिळत नाही, कारण तळाशी रस्त्याचा गोंगाट असतो. म्हणून आवाज शिखरापासून ५ डेसिबल उतरल्यापासून २५ डेसिबल उतरेपर्यंतचा वेळ घ्या आणि त्याला ३ ने गुणा. चार-पाच जागी मोजून सरासरी काढा. Room EQ Wizard या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ध्वनिमुद्रण टाकलं तर प्रत्येक वारंवारतेचा वेगळा आकडा मिळतो.

आधीचं मोजमाप रिकाम्या हॉलच्या ५.२ शी ताडून पाहा. ४ आलं तर घाबरू नका; स्टेजचे पडदे, दाराच्या फटी, लाकडी कपाटं अशी न धरलेली शोषणं असतात. प्रत्यक्ष आकड्यावरून खरं शोषण काढा: १७४ भागिले ४ म्हणजे ४३.५. कोष्टकातल्या ३३.५ पेक्षा ते १० ने जास्त आहे, म्हणून तूट ९७.५ वरून ८७.५ वर येते आणि पॅनेल १२० ऐवजी १०७ चौरस मीटर पुरतात. काम झाल्यावर रिकाम्या हॉलचा आकडा १.३ च्या आसपास यायला हवा. १.८ किंवा २ आला तर एक पॅनेल उतरवून आतली जाडी आणि घनता तपासा, आणि कापडावर फुंकर मारून पाहा.